पैठणी दसऱ्यापर्यंत: एका दिवाळी पत्रकाची गोष्ट

दुकान सांगलीत, हरभट रोडच्या आतल्या गल्लीत. लेडीज टेलर. मास्तर स्वतः कापतात आणि शिवतात, जोडीला एक कारागीर, आणि हुक-काजं, तुरपाई, फॉल-पिको हे सगळं मास्तरांच्या बायकोकडे. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. दरवर्षी दिवाळीचं पत्रक छापखान्यातला डीटीपीवाला स्वतःच्या मनाने लिहायचा. मास्तर फक्त फोन नंबर तपासायचे. २०२५ साली मुलगी म्हणाली, या वेळी मी लिहिते. (माणसं गोष्टीतली आहेत म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत. गल्लीबोळात शिलाईचा धंदा असाच चालतो.)

तिने पहिल्या बैठकीत लिहिलेला मजकूर असा होता:

> दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!
> दिवाळी धमाका ऑफर!!
> सांगलीकरांच्या विश्वासाला पात्र ठरलेले एकमेव दालन
> सर्व प्रकारचे फॅन्सी, डिझायनर ब्लाऊज माफक दरात
> सर्व शिलाईवर २०% भव्य सूट
> एकदा अवश्य भेट द्या

यात चूक शोधायला गेलं तर व्याकरणाची एकही सापडत नाही. पण हेच पत्रक भांड्यांच्या दुकानाला चालेल, चपलांच्या चालेल आणि मोबाईल दुरुस्तीलाही चालेल. मास्तरांनी चष्मा लावून वाचलं आणि शुभेच्छा-विश्वास वगैरे ओळींवरून नजर सरकवून थेट २०% वर बोट ठेवलं.

“ही सूट कुणाला देतीस?”

“सगळ्यांना. दिवाळीत सगळेच देतात की.”

“कापडवाला देतो. त्याच्याकडं गठ्ठा पडून असतो. माझ्याकडं काय पडून हाय?”

त्यांनी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मांडून दाखवलं. अस्तराचा साधा ब्लाऊज ३५० रुपये. त्यात कारागिराला नगामागे १३०, अस्तराचं कापड ६०, दोरा, हुक, वीज मिळून २०. राहिले १४०. त्यातूनच गाळ्याचं भाडं आणि घर. वीस टक्के म्हणजे ७० रुपये, आणि ते कारागिराच्या मजुरीतून कापता येत नाहीत, अस्तरातूनही नाही. अख्खे ७० त्या १४० मधूनच जाणार. म्हणजे सूट दिसायला पाचव्या हिश्शाची, पण मास्तरांच्या हाती राहणारे पैसे थेट अर्धे.

तोटा भरून काढायचा तर दुप्पट ब्लाऊज शिवायला हवेत. कापडाच्या दुकानाला ते जमतं, कारण चार गिऱ्हाइकं जास्त आली तर चार साड्या जास्त विकता येतात. शिवणाऱ्याचे हात तेवढेच असतात. मास्तर आणि कारागीर मिळून दिवसाला दहा ब्लाऊज निघतात, अस्तराचे, नीट इस्त्री करून. रात्री जागून बारा होतात, पण मग काखेत झोळ येतो, एखादी बाही उलटी लागते आणि सकाळचा पहिला तास उसवण्यात जातो.

मुलगी हुशार. तिने वाद घातला नाही, मागच्या वर्षीचं बिलबुक मागून घेतलं. मला विचाराल तर जाहिरातीचं खरं काम इथे सुरू झालं, आणि बहुतेक दुकानांत ते होतच नाही. पत्रक लिहायला बसलेला माणूस मागच्या वर्षीचं पत्रक समोर ठेवतो, बिलबुक ठेवत नाही.

बिलबुकात प्रत्येक पावतीवर दोन तारखा असतात, कापड आल्याची आणि देण्याची. २०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला आणि वसुबारस २८ ला होती. तिने घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंतच्या पावत्या एकीकडे मोजल्या, दसऱ्यानंतरच्या दुसरीकडे. नवरात्रात आलेले ब्लाऊज ३५ च्या आसपास. दसऱ्यानंतर १९०. दिवसाला दहा या हिशोबाने नवरात्रात नव्वदएक शिवून झाले असते, म्हणजे तेव्हा मशीन निम्म्याहून जास्त वेळ नुसतं उभं होतं. आणि दसऱ्यानंतरच्या पंधरा दिवसांत दीडशेची ताकद असताना एकशे नव्वद अंगावर आले. वरचे चाळीस म्हणजे त्या जागलेल्या रात्री, आणि लक्ष्मीपूजनाच्या दुपारी दुकानात येऊन उभ्या राहिलेल्या बायका.

म्हणजे दुकानाला जास्त गिऱ्हाईक नकोच होतं, असलेलं लवकर हवं होतं. इतकं कळल्यावर ‘धमाका’ आपोआप गळून पडला.

मग प्रश्न आला की बायका उशिरा का येतात. मुलीला वाटत होतं आळस. मास्तर म्हणाले, “अगं, साडीच घेतली नसंल तर ब्लाऊज कसला शिवणार?” पितृपक्षात कुणी नवं कापड घेत नाही. २०२५ साली तो ८ ते २१ सप्टेंबर होता. त्यानंतर नवरात्र, दसऱ्याला सोनं आणि साडी. बोनस त्याच्याही नंतर. जिचा नवरा कारखान्यात आहे ती बोनस हातात पडल्याशिवाय कापड पेठेत पाय ठेवत नाही. तेव्हा दसऱ्याआधी या असं कितीही मोठ्या अक्षरात छापलं तरी जिच्याकडे साडीच नाही ती येणार कशाला?

अडलेली गाडी आईने सोडवली. ती फॉल लावता लावता ऐकत होती. म्हणाली, “नवी साडी कशाला पाहिजे? माझ्याच कपाटात चार हायत, आहेरातल्या. ब्लाऊज पीस तसाच घडीत. टेलरच्या घरात ही गत, तर बाकीच्यांचं काय असंल?”

हे नेमकं होतं. लग्नात, डोहाळजेवणात, वास्तुशांतीत आलेली साडी. गौरीला घेतलेली, पण ब्लाऊज वेळेत न मिळाल्याने जुन्याच काळ्या ब्लाऊजवर नेसलेली. अशा साड्यांना बोनसची वाट बघावी लागत नाही. नवरात्रातल्या रिकाम्या मशीनवर शिवायचं काम घराघरातल्या कपाटात आधीपासून पडलेलं होतं. पत्रक लिहायचं ते त्या कपाटाला उद्देशून.

आता तारखा. मुलीने पहिल्यांदा लिहिलं, ‘ऑर्डर लवकर द्या’. मास्तरांच्या मते लवकर म्हणजे दसरा, गिऱ्हाइकाच्या मते धनत्रयोदशीची सकाळ. म्हणून उलट्या बाजूने मोजायला बसले. वसुबारस १७ ऑक्टोबरला, म्हणजे शेवटचा ब्लाऊज १६ ला हातात पडायला हवा. अंगात घालून बघितल्यावर कुणाची पाठ उचलते, कुणाचा खांदा उतरतो, त्या दुरुस्तीला दोन दिवस. म्हणजे शिवण १४ ला संपली पाहिजे. त्या दिवसांत कपाटावर चाळीस-पन्नास ब्लाऊजचा ढीग कायम असतो, तो उपसायला पाच दिवस. आले ९ ऑक्टोबरवर. साध्या अस्तराच्या ब्लाऊजची शेवटची तारीख ती.

पैठणीला ही तारीख चालत नाही. पैठणीचा ब्लाऊज पीस बहुतेक वेळा साडीलाच जोडलेला असतो, तो सरळ धाग्यावर सुटा करावा लागतो. काठ दोन्ही बाह्यांवर सारखा यायला हवा. एका बाहीवर मोर आणि दुसरीवर अर्धा मोर आला तर ती बाई पुन्हा या गल्लीत दिसणार नाही. आणि कात्री चुकली तर दुसरं कापड आणायचं कुठून? म्हणून पैठणी मास्तर स्वतः कापतात, कारागिराला हात लावू देत नाहीत, आणि तीही सकाळी, उजेडात. दिवसाला दोनपेक्षा जास्त नाहीत. पैठणी आणि काठापदराची शेवटची तारीख त्यांनी दसराच धरली, २ ऑक्टोबर. फॉल-पिकोला मशीनची रांग नसते, ते १५ पर्यंत.

एकाच पत्रकात तीन तारखा म्हणजे गोंधळ होईल अशी मुलीला भीती. पण झालं उलटंच. तीन तारखा वाचून कळतं की हा माणूस तीन कामं वेगवेगळी ओळखतो. ‘विश्वासाला पात्र’ लिहून जे सांगायचं होतं ते तारखांनी सांगितलं.

तरीही एक जागा रिकामी होती. याच दुकानात का यावं? मुलगी विचारते, पप्पा, आपण वेगळं काय करतो? मास्तर म्हणतात, काही नाही, सगळे करतात तेच करतो. कारागिरांना हा प्रश्न विचारून उपयोग नसतो, रोज हाताखालून जाणारी गोष्ट त्यांना सांगण्याजोगी वाटत नाही. तिने विचारायचं सोडलं आणि एक दिवस नुसती दुकानात बसून राहिली.

संध्याकाळी मास्तरांनी अस्तराच्या कापडाचे तुकडे बादलीत बुडवले. सुती अस्तर कोरं असताना पाणी लागलं की आटतं, वरचं रेशीम किंवा सिंथेटिक कापड तेवढं आटत नाही. न भिजवता शिवलं तर ब्लाऊज दुकानातून छान जातो, पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं आणि वरच्या कापडाला कटोरीभोवती चुण्या पडतात. बाईला वाटतं माप चुकलं. म्हणून रात्री भिजवायचं, पिळून वाळत टाकायचं, इस्त्री करायची आणि मग कापायचं. परतीचा पाऊस असला की ते दोन दिवस वाळत नाही आणि दुकानात ओल्या कापडाचा वास भरून राहतो. घाईत अनेक जण ही पायरी गाळतात. गिऱ्हाइकाला ते घेताना ओळखता येत नाही, हीच तर अडचण.

दुसरी गोष्ट तिला उसवायला आलेल्या एका ब्लाऊजमध्ये दिसली. बाजूच्या शिवणीत आत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेली होती, चांगली एक इंच रुंद. बाई वर्षभरात भरली होती, मास्तरांनी टीप उसवून अर्धा इंच सोडला, पैसे घेतले नाहीत. मुलीने हे पत्रकात टाकू म्हटल्यावर ते बिचकले. दिवाळीच्या गर्दीत पन्नास जणी जुने ब्लाऊज सैल करायला घेऊन आल्या तर? ती शंका खरी होती. म्हणून वाक्याला ‘दिवाळीनंतर’ हा शब्द जोडला गेला.

छापायला गेलेला मजकूर:

> आहेरातल्या साडीचा ब्लाऊज शिवायचा राहिलाय?
> या दिवाळीला ती साडी नेसा.
>
> कापड देण्याची शेवटची तारीख
> पैठणी, काठापदर : दसरा (२ ऑक्टोबर)
> साधा अस्तर ब्लाऊज : ९ ऑक्टोबर
> फॉल-पिको : १५ ऑक्टोबर
> त्यानंतर काम घेत नाही. घेतलेलं वसुबारसेच्या आत देतो.
>
> अस्तर भिजवून, वाळवून मगच कापतो. धुतल्यावर चुण्या पडत नाहीत.
> बाजूला एक इंच माया ठेवतो. वर्षभरात सैल करायचा झाल्यास दिवाळीनंतर आणा, पैसे नाहीत.
>
> अस्तरासह साधा ब्लाऊज ३५० रुपये. इतर कामाचा भाव कापड बघून.
> येताना मापाचा ब्लाऊज आणा.
>
> दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!

‘साधा ब्लाऊज ३५० रुपये’ या ओळीवर बरीच ओढाताण झाली. डीटीपीवाल्याने सवयीने ‘३५० पासून पुढे’ केलं होतं. मास्तरांनी ‘पासून’ काढायला लावलं. वाचणारीच्या डोक्यात आकडा राहतो, ‘पासून’ राहत नाही. मग ती प्रिन्सेस कट, मागे दोरी, लटकन असं सगळं सांगते आणि ३५० पुढे करते. ‘साधा’ हा शब्द आकड्याच्या आधी आला की हे भांडण निम्मं मिटतं. शुभेच्छा मात्र मास्तरांनी हट्टाने ठेवायला लावल्या, तळाला, बारीक अक्षरात. ते योग्यच केलं. आपल्याकडे शुभेच्छांशिवाय दिवाळीचं पत्रक म्हणजे नोटीस वाटते.

प्रती हजार, एका रंगात, वहीच्या अर्ध्या पानाएवढ्या. मुलीला विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत वाटायचं होतं. मास्तर म्हणाले, ब्लाऊजला बाई दोनदा येते, एकदा द्यायला आणि एकदा घालून बघायला. रिक्षाचे पैसे घालून दोनदा कोण येणार? म्हणून गावभाग, खणभाग आणि आजूबाजूच्या गल्ल्या, चालत येण्याच्या अंतरातल्याच. पेपर विक्रेत्याला गाठून घटस्थापनेच्या दिवशी पेपरात घालायचं ठरलं. पितृपक्षात टाकलं असतं तर ते चपात्यांच्या डब्याखाली गेलं असतं. चौकात खांबावर फ्लेक्स लावायची कारागिराची सूचना होती, पण त्याला महापालिकेची परवानगी लागते, म्हणून तो नाद सोडला.

फसलं ते चित्र. मजकुरात इतका जीव ओतलेल्या मुलीने पत्रकाच्या कोपऱ्यात काय घालायचं ते डीटीपीवाल्यावर सोडलं. त्याने त्याच्याकडच्या साठ्यातून पाठमोरी नवरी टाकली, पाठीवर भरगच्च आरी वर्क. प्रूफमध्ये सगळ्यांनी अक्षरं वाचली, चित्र कुणी वाचलं नाही. पहिल्याच दिवशी एक काकू पत्रक उलगडून चित्रावर बोट ठेवत म्हणाल्या, “हाच गळा पाहिजे.” आरी वर्क या दुकानात होतच नाही, ते बाहेर द्यावं लागतं आणि त्याला ब्लाऊजच्या शिलाईच्या कितीतरी पट पैसे लागतात. अशा बऱ्याच जणी आल्या. काहींना समजावलं, काही फणकाऱ्याने गेल्या. चित्रसुद्धा वचनच असतं, आणि अक्षरांपेक्षा आधी वाचलं जातं. हजार प्रती परत छापणं शक्य नव्हतं. पण व्हॉट्सॲपवर पाठवायच्या पत्रकात तिने ती नवरी काढली आणि मास्तरांनी शिवलेल्या हिरव्या खणाच्या ब्लाऊजचा, दुकानाच्या दारात उन्हात काढलेला फोटो टाकला.

व्हॉट्सॲपची एक वेगळी गंमत झाली. बिलबुकातून सव्वादोनशे नंबर तिने मोबाईलमध्ये भरले आणि ब्रॉडकास्ट लिस्ट केली. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, त्यामुळे एकच पुरली. पाठवलं आणि जवळपास शांतता. मेसेजची माहिती उघडून बघितली तर मोजक्याच जणींना पोचलेला. कारण ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच जातो ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह केलेला आहे. टेलरचा नंबर कोण सेव्ह करतं? पावतीवर असतोच की. मग उरलेल्यांना एकेक करून पाठवावं लागलं, रोज थोडे, आणि प्रत्येकीच्या नावाने. ‘वहिनी, तुमची जांभळी पैठणी मागच्या वर्षी आपणच शिवली होती’ असं वर लिहिलेल्या मेसेजला उत्तरं आली. नुसतं पत्रक पाठवलेल्यांना फारशी नाही. पुढे पावतीवर शिक्का मारून घेतला: ‘नंबर सेव्ह करा, ब्लाऊज तयार झाल्यावर मेसेज येईल.’ दिवाळीच्या शुभेच्छांसाठी कुणी नंबर सेव्ह करत नाही, तयार ब्लाऊजच्या निरोपासाठी करतं.

परिणाम कसा मोजायचा हेही तिने आधीच ठरवलं होतं. पावतीच्या कोपऱ्यात एक अक्षर: पत्रक बघून आली तर ‘प’, मेसेजवरून ‘म’, जुनं गिऱ्हाईक आपणहून आलं तर काहीच नाही. विचारायची जबाबदारी आईकडे, कारण मास्तर माप घेताना असलं काही विचारणार नाहीत.

दिवाळी झाल्यावर बिलबुक पुन्हा उघडलं. एकूण ब्लाऊज २२४. मागच्या वर्षी २२५. नुसती बेरीज बघणारा म्हणेल जाहिरात वाया गेली. पण नवरात्रात ३५ च्या जागी ७८ आले आणि दसऱ्यानंतर १९० च्या जागी १४६. दसऱ्यानंतरच्या चौदा दिवसांची ताकद १४०, म्हणजे गाडी जवळजवळ बरोबर रेषेवर. जागरण झालं, पण दोनच रात्री. ‘प’ अक्षराच्या पावत्या थोड्याच निघाल्या, त्यातल्या बऱ्याच नव्या गिऱ्हाइकांच्या. ‘म’ च्या त्याहून पुष्कळ जास्त. छपाई आणि पेपरात घालण्याचा खर्च धरला तर पत्रकाने जेमतेम स्वतःचे पैसे काढले, तर मेसेजला मुलीच्या वेळाखेरीज काही लागलं नाही. अर्थात तिचा वेळ हिशोबात धरावा की नाही यावर घरात दोन मतं आहेत.

एक गोष्ट पत्रकाने बदलली नाही. ‘त्यानंतर काम घेत नाही’ असं छापलेलं असताना मास्तरांनी १३ तारखेला शेजारच्या वाड्यातल्या आजींचा ब्लाऊज घेतला, आणि आजींनी तो घेतल्याचं गल्लीभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी चौघी आल्या. मुलगी चिडली. मास्तरांचं म्हणणं, वीस वर्षांचं गिऱ्हाईक तारखेवर तोडायचं नसतं. यावर तोडगा म्हणून पुढच्या वेळी छापील तारीख दोन दिवस अलीकडची टाकायची असं ठरलं, म्हणजे मास्तरांना मोडायला जागा राहील.

मग लग्नसराई. तुळशीचं लग्न २ नोव्हेंबरला होतं आणि मुलीने नव्या पत्रकाचा मजकूर सुरूही केला होता. लिहिण्याआधी तिने या वेळी एकच प्रश्न विचारला: नवरीचे ब्लाऊज आठवड्याला किती? मास्तर म्हणाले, पाच, फार तर सहा. बिलबुकात तेवढे आधीच लिहिलेले होते, पुढच्या दोन महिन्यांचे. तिने कागद घडी करून ठेवला आणि छापखान्याला फोन केला तो फक्त पावतीपुस्तकांसाठी.